चॅटसारखा मेल नीट करताना: बुलेट कधी, परिच्छेद कधी

दिवसभर चॅटवर बोलायची सवय झाली की मेलही तसाच उतरतो. एक विचार, एंटर. पुढचा विचार, पुन्हा एंटर. मग पाठवण्याआधी मेल जरा नीटनेटका करावा म्हणून बरेच जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे प्रत्येक ओळीआधी ठिपका लावतात. ओळी आधीच सुट्या असतात, त्यामुळे ठिपके लावायला वेळ लागत नाही आणि मेल लगेच व्यवस्थित दिसू लागतो. वाचणाऱ्याची अडचण मात्र तशीच राहते. उलट आता ती पटकन लक्षातही येत नाही.

चॅटमध्ये सुट्या ओळी का चालतात? कारण दोन ओळींच्या मध्ये समोरचा माणूस हजर असतो. तुम्ही लिहिता, ‘सोमवारी जमणार नाही.’ तो विचारतो, ‘का?’ तुम्ही कारण देता. तो विचारतो, ‘मग कधी?’ तुम्ही वार सांगता. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘तोपर्यंत’ हे जोडशब्द तुम्ही टाइप केलेलेच नसतात. समोरच्याच्या प्रश्नांनी ते काम केलेलं असतं. मेलमध्ये मध्येच प्रश्न विचारणारं कोणी नसतं. सगळा मजकूर एकदम जातो आणि वाचणारा एकटा बसून तो जुळवतो. म्हणून चॅटसारखा ड्राफ्ट नीट करायचा म्हणजे मुख्यतः हे गाळलेले जोडशब्द परत आणायचे. बुलेट नेमकं उलटं करते. दोन ओळींमधलं नातं न सांगता पुढे जायची मुभा देते. नातंच नसेल तर ही मुभा सोयीची आहे. नातं असेल तर मेल तिथेच तुटतो.

हे एका उदाहरणावर नीट पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण असे मेल ओळखीचे वाटतील. एका संस्थेचे हिशेब जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात हलवायचं काम चालू आहे. हिशेब विभागाच्या प्रमुख मॅडमनी विचारलंय, ‘सोमवारी नवीन सिस्टीम सुरू होतेय ना?’ काम करणाऱ्या टीममधल्या मुलाने उत्तर असं टाइप केलं:

> नमस्कार मॅडम
> डेटा हलवायचं काम चालू आहे
> 3 वर्षांचे सगळे व्यवहार आलेत
> ग्राहकांची यादी पण आली
> काही ग्राहक दोनदा आलेत
> ते साफ करतोय
> सोमवारी लाइव्ह नाही होणार
> गुरुवारपर्यंत होईल बहुतेक
> डुप्लिकेटची शीट पाठवलीय ती बघून घ्या
> लॉगिन कोणाकोणाला द्यायचे ते सांगा
> सुरुवातीच्या शिलका जुळतायत का तेही बघा
> जुनी सिस्टीम बंद करू नका अजून
> बाकी सगळं ओके
> थँक्स

पहिला हात फिरवताना काय होतं? ‘नमस्कार मॅडम’ आणि ‘थँक्स’ सोडून बाकी बारा ओळींना ठिपके लागतात, स्पेलिंगं सुधारली जातात, ‘ओके’चं ‘व्यवस्थित आहे’ होतं. आता हा मेल मॅडमच्या जागी बसून वाचा. विचारलं होतं सोमवारचं. त्याचं उत्तर सहाव्या ठिपक्यात आहे, आणि तेही ‘ग्राहकांची यादी आली’ याच्याच वजनाने. पाचवा ठिपका वाचून वाटतं, टीम साफसफाई करतेच आहे, मग आठव्यात मला शीट कशाला बघायला सांगतायत? जुनी सिस्टीम बंद करायची नाही, पण कधीपर्यंत? आणि सोमवारपासूनची नवी बिलं कुठे टाकायची? बारा ठिपके आहेत, पण मॅडमना काय करायचंय आणि त्यांनी ते केलं नाही तर काय होईल, हे कुठेच नाही.

अशा वेळी मी दोन गोष्टी करून बघायला सांगतो. पहिली म्हणजे अदलाबदल. कुठल्याही दोन ओळींची जागा बदला. अर्थ जसाच्या तसा राहिला तर त्या ओळी यादीतल्या आहेत, त्यांना बुलेट शोभते. ‘लॉगिन कोणाला द्यायचे ते सांगा’ आणि ‘शिलका जुळतायत का बघा’ या दोन ओळी उलटसुलट केल्या तरी काही बिघडत नाही. पण ‘काही ग्राहक दोनदा आलेत’ ही ओळ ‘सोमवारी लाइव्ह होणार नाही’च्या खाली नेली की वाचणारा गोंधळतो, कारण पहिली ओळ दुसरीचं कारण आहे. कारण आणि परिणाम यांची जागा बदलता येत नाही, आणि म्हणूनच ती यादी नाही.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक जोडशब्द घालून बघा: ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’, ‘जर… तर’, ‘तोपर्यंत’. ‘आणि’ धरायचा नाही, तो कुठेही बसतो. एखादा शब्द सहज बसला तर त्या दोन ओळी एका परिच्छेदातल्या. काहीच बसेना तर त्या सुट्या.

वरच्या ड्राफ्टवर हे करून बघू. ‘काही ग्राहक दोनदा आलेत, म्हणून सोमवारी लाइव्ह होणार नाही.’ बसलं. ‘सोमवारी होणार नाही, पण गुरुवारपर्यंत होईल.’ हेही बसलं. आता पुढची जोडी: ‘गुरुवारपर्यंत होईल बहुतेक’ आणि ‘डुप्लिकेटची शीट बघून घ्या’. इथे लिहिणारा अडखळतो. ‘बहुतेक’ कशावर अवलंबून आहे? विचार केल्यावर समजतं की ‘रमेश ट्रेडर्स’ आणि ‘रमेश ट्रेडिंग कंपनी’ हे एकच ग्राहक आहेत की दोन, हे टीमला कळूच शकत नाही. ते हिशेब विभागच सांगू शकतो. म्हणजे टीम जी ‘साफ करतोय’ म्हणतेय ती साफसफाई मॅडमच्या उत्तराशिवाय पूर्णच होणार नाही. जोडशब्द आहे ‘जर… तर’: शीट मंगळवारी परत आली तर गुरुवार, नाही तर तेवढेच दिवस पुढे.

मेलमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच अट आहे, आणि ती ना मूळ ड्राफ्टमध्ये होती ना ठिपक्यांच्या आवृत्तीत. लिहिणाऱ्याला ती माहीत होती, पण ‘बहुतेक’ या एका शब्दात ती विरघळून गेली होती. परिच्छेद लिहायला घेतला म्हणूनच ती वर आली. वाक्याला वाक्य जोडायचं तर आपल्याला ते नातं माहीत असावं लागतं, आणि माहीत नसेल तर हात तिथेच थांबतो. बुलेट थांबवत नाही. मला परिच्छेदाची ही सक्ती फार मोलाची वाटते. चॅटमधला मजकूर मेलमध्ये आणताना मी तरी आधी सगळं परिच्छेदातच लिहून बघावं, मग त्यातून यादी वेगळी काढावी, या मताचा आहे. उलट क्रमाने गेलं की अटी हरवतात.

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी जून 2004 मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना मेल लिहून बैठकांमधली पॉवरपॉइंट सादरीकरणं बंद केली होती. त्याऐवजी सलग मजकुराची टिपणं आणायची, असं ठरलं. त्याच मेलमध्ये त्यांनी बजावलं होतं की वर्डमध्ये नुसती बुलेटची यादी करून आणली तर ती पॉवरपॉइंटइतकीच वाईट. कारण हेच: सलग लिहिताना कुठली गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कशाचा कशाशी संबंध आहे, हे ठरवावंच लागतं.

आता आपला मेल. मी तो असा केला:

> विषय: नवीन सिस्टीम सोमवारऐवजी गुरुवारी, मंगळवारपर्यंत तुमच्याकडून 3 गोष्टी हव्या
>
> नमस्कार मॅडम,
>
> नवीन सिस्टीम सोमवारी सुरू करता येणार नाही. 3 वर्षांचे व्यवहार आणि ग्राहकांची यादी पूर्ण आली आहे, पण 214 ग्राहकांची नावं थोड्याशा फरकाने दोनदा आली आहेत. ती तशीच ठेवून सिस्टीम सुरू केली तर एकाच ग्राहकाची येणी दोन खात्यांत विभागली जातील आणि नंतर ती जोडणं फार किचकट होईल. यातली कुठली नावं खरोखर एकाच ग्राहकाची आहेत हे तुमचा विभागच सांगू शकेल. तपासलेली शीट मंगळवारी संध्याकाळपर्यंत मिळाली तर आम्ही गुरुवारी सकाळी सिस्टीम सुरू करू. शीटला उशीर झाला तर तेवढेच दिवस पुढे जाईल.
>
> मंगळवारपर्यंत तुमच्याकडून हे हवं आहे:
>
> 1. सोबतच्या शीटमध्ये प्रत्येक जोडीसमोर ‘एकच’ किंवा ‘वेगळे’ असं लिहून पाठवा.
> 2. लॉगिन कोणाकोणाला द्यायचे त्यांची नावं कळवा. कोणाला फक्त बघायची परवानगी हवी तेही लिहा.
> 3. सुरुवातीच्या शिलका तुमच्या वहीशी जुळतात का ते तपासून कळवा.
>
> तोपर्यंत सगळ्या नव्या नोंदी जुन्या सिस्टीममध्येच करत राहा आणि ती बंद करू नका. सोमवार ते बुधवारच्या नोंदी आम्ही बुधवारी रात्री शेवटच्या फेरीत आणून घेऊ.
>
> धन्यवाद.

बारा ओळींपैकी यादीत फक्त तीनच गेल्या. त्या तीन का? कारण तिन्ही एकाच जातीच्या आहेत, तिन्ही एकाच माणसाने करायच्या आहेत, आणि त्यांचा आपसातला क्रम महत्त्वाचा नाही. ‘जुनी सिस्टीम बंद करू नका’ हीसुद्धा सूचनाच आहे, मग ती चौथी का नाही? कारण वरच्या तीन गोष्टी एकदा करून संपवायच्या आहेत, आणि ही काहीतरी चालू ठेवायची आहे. शिवाय तिला ‘तोपर्यंत’ची मुदत आणि ‘नोंदी आम्ही आणून घेऊ’ हे आश्वासन चिकटलेलं आहे. ती चौथी ओळ केली असती तर मॅडमनी तिच्यासमोर ‘झालं’ अशी खूण केली असती, आणि ‘झालं’ याला तिथे काही अर्थच नाही.

क्रम महत्त्वाचा नाही म्हणालो, तरी ठिपके न लावता आकडे लावलेत. मेलमध्ये समोरच्याकडून उत्तरं हवी असतात तेव्हा आकडेच लावावेत. चार प्रश्न एका परिच्छेदात विचारले की पहिल्याचं किंवा शेवटच्याचं उत्तर येतं आणि मधले दोन हवेत राहतात, हा अनुभव मेल लिहिणाऱ्या प्रत्येकाला आहे. आकडे असले की समोरचा ‘1 झालं, 2 उद्या, 3 बद्दल फोन करते’ एवढंच लिहून मोकळा होतो, आणि तिसरा राहिला असेल तर दोघांनाही दिसतं. ठिपक्यांना नाव नसतं, त्यामुळे ‘तुमचा तो मधला मुद्दा’ असं लिहायची वेळ येते. ठिपके ठेवावेत ते फक्त वाचून घ्यायच्या गोष्टींना: सोबत काय काय जोडलंय, कोण कोण येणार आहे, काय काय आणायचं आहे.

यादीतल्या ओळी कशा लिहायच्या

यादी करायची ठरली तरी ओळी कशा लिहिता यावर बरंच अवलंबून असतं. मराठी मेलमध्ये एक सवय फार दिसते, ती म्हणजे प्रत्येक मुद्दा ‘-णे’वर संपवायचा. ‘शीट तपासणे. लॉगिन देणे. शिलका जुळवणे.’ दिसायला एकसारखं आणि कार्यालयीन वाटतं. पण ‘शीट तपासणे’ यात कोणी तपासायची? तपासून झाली, चालू आहे की अजून व्हायची आहे? मराठीत कर्ता आणि काळ बहुतेकदा शेवटच्या क्रियापदावरून कळतात, आणि ‘-णे’ लावलं की दोन्ही गळून पडतात. ‘शीट तपासून पाठवा’ म्हटलं की काम तुमचं. ‘शीट तपासली आहे’ म्हटलं की झालं. ‘शीट तपासतो आहोत’ म्हटलं की आमचं आणि चालू. एवढ्याशा फरकाने मेलचा अर्थ बदलतो.

म्हणून एका यादीत एकाच रूपाची वाक्यं ठेवावीत, आणि ती पूर्ण असावीत. चॅटच्या ड्राफ्टमध्ये तिन्ही प्रकार मिसळलेले असतात: ‘यादी आली’ (झालेलं), ‘साफ करतोय’ (चालू असलेलं), ‘सांगा’ (तुमचं काम). ही सरमिसळ यादीत तशीच उतरली की समजावं, एका यादीत दोन-तीन याद्या शिरल्यात. त्या वेगळ्या काढल्या की बहुतेकदा दिसतं की ‘झालेलं’ एका वाक्यात मावतं, ‘चालू असलेलं’ परिच्छेदाचा भाग आहे, आणि खरी यादी फक्त ‘तुमचं काम’ एवढीच आहे.

यादीच्या आधी एक पूर्ण वाक्य हवंच, ही यादी कशाची आहे हे सांगणारं. ‘मुद्दे खालीलप्रमाणे’ हे ते वाक्य नव्हे, त्यातून काहीच कळत नाही. ‘मंगळवारपर्यंत तुमच्याकडून हे हवं आहे’ यात मुदत आली, कोणाचं काम ते आलं, आणि खालच्या प्रत्येक ओळीत ते परत लिहायची गरज उरली नाही. असं वाक्य सुचतच नसेल तर खालच्या ओळींना बांधणारं काही नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा.

किती ओळी? दोनच असतील तर वाक्यातच लिहा, फक्त दोन प्रश्नांची स्वतंत्र उत्तरं हवी असतील तर आकडे लावायला हरकत नाही. यादी सातच्या पुढे जायला लागली तर दोन गट पडतात का ते पाहा. एखाद्या ओळीत ‘पण’ किंवा ‘मात्र’ आला आणि ती तिसऱ्या ओळीवर गेली, तर ती यादीतून बाहेर यायला बघतेय. तिला परिच्छेदात जागा द्या.

ठिपक्याच्या आत ठिपका

मेलमध्ये मुद्द्याखाली उपमुद्दा आणि त्याखाली आणखी एक पायरी दिसली की मी सावध होतो. आत ढकललेली ओळ वाचणाऱ्याला सांगत असते की हे कमी महत्त्वाचं, सोडून दिलंत तरी चालेल. लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसतं. त्याला फक्त ‘हे वरच्याशी संबंधित आहे’ एवढंच म्हणायचं असतं.

यातून काय होऊ शकतं याचं एक गंभीर उदाहरण नोंदलेलं आहे. जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून स्लाइड सादर केल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खाली पायऱ्यापायऱ्यांनी आत जाणारे मुद्दे होते, आणि सगळ्यात शेवटी, खालच्या पायरीवर, एक ओळ होती: आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घन इंचांचा, तर ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला त्यातला तुकडा 3 घन इंचांचा. म्हणजे 640 पट फरक, आणि त्यामुळे त्या चाचण्यांचा आधारच डळमळीत होत होता. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतताना यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. ऑगस्ट 2003 मधल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची वेगळी चर्चा आहे. एखाद्या वरिष्ठाने ती वाचली तर हा जिवावरचा प्रश्न आहे हे त्याच्या लक्षात येणार नाही हे सहज समजू शकतं, असं मंडळाने म्हटलं. अपघात स्लाइडमुळे झाला असा याचा अर्थ नाही, त्याची कारणं अनेक होती. पण ती एक ओळ परिच्छेदात लिहायची असती तर तिच्या आधी ‘पण’ लिहावा लागला असता: ‘चाचण्यांवरून धोका कमी वाटतो, पण आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा 640 पट मोठा आहे.’ हे वाचून कोणी पुढे सरकू शकत नाही.

आपल्या मेलमध्ये जिवाचा प्रश्न नसतो, पण यंत्रणा तीच आहे. उपमुद्दा लिहिलात की तो वरच्या मुद्द्याला छेद देतोय का ते पाहा. देत असेल तर दोन्ही मिळून एक वाक्य करा आणि मध्ये ‘पण’ लिहा. आणि प्रत्येक मुद्द्याखाली तेच तेच उपमुद्दे येत असतील, म्हणजे तारीख, जबाबदारी, स्थिती, तर ती यादी नाहीच, तो तक्ता आहे. तसाच करा.

उलटीकडचा प्रकार

आतापर्यंत परिच्छेदाची बाजू जास्त घेतली, पण उलटाही प्रकार आहे. बोलून टाइप केलेला किंवा एका दमात लिहिलेला ड्राफ्ट असा येतो: ‘उद्या येताना ओळखपत्राची प्रत आणा आणि दोन फोटो पण लागतील आणि हो बँक खात्याचा तपशील, रद्द केलेला चेक असला तरी चालेल, आणि आधीच्या नोकरीचं कार्यमुक्तीपत्र, मूळ नको प्रत चालेल.’ इथे ‘आणि’शिवाय कुठलाच जोडशब्द बसत नाही. वाचणारा हा मेल हातात धरून एकेक कागद गोळा करणार आहे, आणि दर वेळी कुठपर्यंत आलो ते शोधणार आहे. हे ठिपक्यांतच जायला हवं:

> उद्या येताना हे सोबत आणा:
>
> - ओळखपत्राची प्रत
> - दोन फोटो
> - बँक खात्याचा तपशील (रद्द केलेला चेक चालेल)
> - आधीच्या नोकरीच्या कार्यमुक्तीपत्राची प्रत

इथे क्रियापद नाही तरी चालतं, कारण ‘आणा’ वरच्या वाक्यात येऊन गेलं आहे आणि खाली फक्त वस्तू आहेत.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला माणसाशी माणूस म्हणून बोलायचा मजकूर असतो: नकार, माफी, नाराजी, कोणाच्या दुःखाबद्दल चार शब्द. तिथे बुलेट मुळीच नको. चार कामाच्या मुद्द्यांखाली पाचवा ठिपका ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी’ असा आला की ती दिलगिरी उरकून टाकल्यासारखी वाटते. ‘उशीर आमच्याकडून झाला, त्यामुळे तुम्हाला रविवारी बसावं लागलं, याबद्दल मनापासून क्षमस्व’ या वाक्यात चूक, तिचा परिणाम आणि माफी एकमेकांना धरून आहेत. ती जुळणीच माफीला खरेपणा देते. नकाराचंही तसंच: ‘नाही’ आणि त्यामागचं कारण एका वाक्यात आलं तर समोरच्याला ते पटायची शक्यता असते.

थोडं तांत्रिक, कारण इथे चांगली यादीही बिघडते. चॅट ॲपमध्ये ओळीच्या सुरुवातीला `-` टाइप केलं की ठिपका दिसतो आणि `*शब्द*` लिहिलं की शब्द ठळक होतो. तोच मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकला की बरेचदा नुसते डॅश आणि फुल्या उरतात. मेलमध्ये यादी तिथल्या बटणानेच करावी. जीमेलमध्ये संगणकावर `Ctrl+Shift+8` ने ठिपके आणि `Ctrl+Shift+7` ने आकडे येतात. अशी खरी यादी केली की ती स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही यादी म्हणून, किती ओळींची आहे यासकट, ऐकू येते. हाताने टाइप केलेले डॅश तसे कळत नाहीत. एक अपवाद मात्र मी करतो. मेलवर खूप उलटसुलट उत्तरं होणार असतील, लोक प्रत्येक मुद्द्याखाली आपलं उत्तर लिहिणार असतील, तर बटणाचे आकडे मध्ये काही घातलं की पुन्हा 1 पासून सुरू होऊ शकतात. तिथे 1, 2, 3 हाताने टाइप केलेले बरे.

राहता राहिला एक प्रसंग, जिथे निवड आपल्या हातात नसते: वरिष्ठच सांगतात, ‘पाल्हाळ नको, पॉइंट्समध्ये पाठव.’ तेव्हा पॉइंट्समध्येच पाठवावं, पण जोडशब्द सोडू नयेत. ज्या दोन गोष्टींमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो त्या एकाच मुद्द्यात, एकाच पूर्ण वाक्यात ठेवाव्यात. वरचा सगळा मेल अशा वेळी इतका होतो:

> - सिस्टीम सोमवारऐवजी गुरुवारी सुरू होईल, कारण 214 ग्राहक दोनदा आले आहेत आणि ते हिशेब विभागाने तपासल्याशिवाय एकत्र करता येत नाहीत.
> - तपासलेली शीट मंगळवारी संध्याकाळपर्यंत मिळाली तरच गुरुवार जमेल, नाही तर तेवढेच दिवस पुढे जाईल.
> - तोपर्यंत नव्या नोंदी जुन्या सिस्टीममध्ये चालू राहतील, म्हणून ती बंद करायची नाही.

ठिपके तीन आहेत, आणि प्रत्येकात ‘कारण’, ‘तरच’ किंवा ‘म्हणून’ जागेवर आहे. लॉगिन आणि शिलकांचं काय, असा प्रश्न पडेल. ती मॅडमची कामं आहेत, वरिष्ठांची नाहीत. त्यांना या मेलमध्ये जागाच नाही.